मशीनला टाकायचं की दुरुस्तीला? भांडवली आणि महसुली खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, कुपवाड, मिरज भागातल्या हळद आणि बेदाण्याच्या छोट्या कारखानदारांकडून, त्यांच्या दिवाणजींकडून आणि नव्याने अकाउंट्सला लागलेल्या मुलांकडून हे प्रश्न सारखे येतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं: मशीनवर पैसे गेले, आता ते मशीनच्या खात्याला टाकायचे की दुरुस्तीच्या? म्हणून हे पान मशीन आणि गाळा यांच्यापुरतंच ठेवलं आहे. उदाहरणातलं युनिट काल्पनिक आहे आणि आकडे हिशोबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत. आयकराचे नियम उदाहरणातल्या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याप्रमाणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून इथे क्रमांक दिलेले नाहीत.

१. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यात नेमका फरक काय? साध्या भाषेत सांगा.

ज्या खर्चातून धंद्याला नवी मालमत्ता मिळते, किंवा असलेली मालमत्ता पूर्वी देत नव्हती असं काहीतरी द्यायला लागते, तो भांडवली खर्च. हा खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो आणि दरवर्षी घसाऱ्याच्या रूपाने थोडाथोडा नफा-तोटा पत्रकात उतरतो. असलेली मालमत्ता आहे तशी चालती ठेवण्यासाठी जो खर्च होतो, तो महसुली. तो त्याच वर्षी पूर्णपणे नफ्यातून वजा होतो.

हळद दळायला नवा पल्वरायझर घेतला, तर तो भांडवली. त्याच पल्वरायझरची जाळी फाटली म्हणून दुसरी घातली, तर ती महसुली.

“ज्याचा फायदा एका वर्षापेक्षा जास्त टिकतो तो भांडवली” अशी व्याख्या शाळेत पाठ करून घेतात. सुरुवातीला ती ठीक आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नका. गाळ्याला दिलेला रंग तीन-चार वर्षं टिकतो, तरी तो महसुलीच. सर्वोच्च न्यायालयानेही १९८० मध्ये एम्पायर ज्यूट कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की टिकाऊ फायद्याची ही कसोटी निर्णायक नाही, ती आंधळेपणाने लावता येत नाही. त्या पैशाने धंद्यात काय झालं, हे पाहायचं.

२. आम्ही जुना पल्वरायझर विकत घेतला. किंमत मशीनला टाकली. ट्रकभाडं वाहतुकीला आणि चालू करण्याआधी केलेली दुरुस्ती रिपेअरला टाकली. बरोबर ना?

नाही. ही चूक इतकी सर्रास होते, की याचा हिशोब पूर्ण मांडतो.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका भागीदारी फर्मने २०२४-२५ च्या सुरुवातीला इरोडहून जुना पल्वरायझर घेतला. जीएसटी सोडून किंमत ८,००,०००. ट्रक आणि क्रेनचे ४५,०००. मशीन इथे आल्यावर बेअरिंग झिजलेली निघाली आणि बीटर व जाळ्याही बदलाव्या लागल्या, त्याचे ९५,०००. काँक्रीटचा पाया आणि वायरिंगचे ६०,०००. मे महिन्यात मशीन सुरू झालं.

दिवाणजींनी बिलावरचं नाव वाचून खातं ठरवलं. ट्रकचं बिल वाहतूक खर्चात गेलं आणि बेअरिंगचं दुरुस्तीत. पाया आणि वायरिंगसुद्धा दुरुस्तीतच, कारण गवंड्याच्या कच्च्या पावतीवर “रिपेरी काम” लिहिलं होतं.

खरं तर मशीन त्याच्या जागी, चालण्याच्या अवस्थेत येईपर्यंत जे जे खर्चणं भाग होतं, ते सगळं त्याच्या किमतीचा भाग आहे. फर्मला ट्रकवर लादलेलं लोखंड नको होतं, हळद दळणारं मशीन हवं होतं, आणि तसं मशीन तिला १०,००,००० ला पडलं. ९५,००० ची दुरुस्ती ऐकायला दुरुस्ती वाटते. पण ती फर्मच्या हातून झालेल्या झिजेची नाही, आधीच्या मालकाने केलेल्या झिजेची आहे. मशीन जुनं म्हणूनच ते ८ लाखांत मिळालं.

हेच बीटर दोन वर्षांनी दळण करून करून झिजले आणि बदलले, तर तो खर्च महसुली. वस्तू आणि बिल देणारा दुकानदार तेच असले, तरी खर्च केव्हा आणि कशासाठी झाला यावर खातं बदलतं.

३. पण पैसे तर तेवढेच गेले. इकडे टाकले काय नि तिकडे टाकले काय, बिघडतं कुठे?

प्रश्न २ मधलेच आकडे पुढे नेऊ. घसारा घटत्या किमतीवर १५ टक्के, म्हणजे आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला जो दर आहे तोच धरू. हे खर्च आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा ९,००,००० समजू.

बरोबर नोंद केली तर मशीन १०,००,०००, घसारा १,५०,०००, नफा ७,५०,००० आणि वर्षअखेर ताळेबंदात मशीन ८,५०,०००.

दिवाणजींच्या नोंदीप्रमाणे मशीन ८,००,०००, घसारा १,२०,०००, शिवाय २,००,००० थेट खर्चात. नफा ५,८०,००० आणि ताळेबंदात मशीन ६,८०,०००.

नफा १,७०,००० ने कमी दिसतो आणि मालमत्ताही बरोबर १,७०,००० ने कमी दिसते. हे दोन आकडे नेहमी असे जोडीनेच चुकतात. ताळेबंद मात्र जुळतो, कारण एका बाजूला मशीन कमी आणि दुसऱ्या बाजूला नफ्यातून आलेलं भागीदारांचं भांडवल तेवढंच कमी. त्यामुळे “ताळेबंद जुळला, म्हणजे सगळं बरोबर” या समजुतीवर ही चूक वर्षानुवर्षं निवांत बसून राहते.

दुसऱ्या वर्षी काटा उलटा फिरतो. बरोबर हिशोबात घसारा १,२७,५००, चुकीच्या हिशोबात १,०२,०००. म्हणजे चुकीच्या पुस्तकातला नफा आता २५,५०० ने जास्त दिसतो, आणि मालमत्तेतली तफावत १,४४,५०० वर येते. तिसऱ्या वर्षी नफा २१,६७५ ने जास्त. असं करत करत मशीनच्या पूर्ण आयुष्यात एकूण नफा सारखाच होतो.

“एकूण सारखंच ना?” असं म्हणून इथे लोक विषय संपवतात. पण हिशोब वर्षाचा होतो, आयुष्याचा नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक भागीदार बाहेर पडला आणि पुस्तकी किमतीवर त्याचा हिशोब केला, तर निम्म्या वाट्याने त्याचे ८५,००० गेले. पुढच्या वर्षांत वाढलेला नफा राहिलेल्या भागीदाराला मिळणार, त्याला नाही. बँकही त्या एका वर्षाचा नफा बघून मर्यादा ठरवते. आणि आयकर तपासणीत हे दोन लाख खर्च म्हणून नाकारले गेले, तर कर, व्याज आणि प्रसंगी दंडही येतो.

४. आणि उलटं झालं तर? म्हणजे दुरुस्तीच मशीनला टाकली तर?

ही चूक जास्त घातक आहे असं माझं मत. पहिल्या चुकीत धंदा आहे त्यापेक्षा गरीब दिसतो, या चुकीत तो उगाच श्रीमंत दिसतो, आणि तसं दिसणं सगळ्यांनाच आवडतं.

त्याच फर्मने २०२५-२६ च्या हंगामाआधी मशीन खोललं. बीटर, बेअरिंग, मोटरचं रिवाइंडिंग मिळून १,८०,००० गेले. रक्कम मोठी दिसली म्हणून ती मशीनच्या खात्याला टाकली. त्यावर १५ टक्के घसारा २७,०००. खर्च व्हायला हवा होता १,८०,०००, झाला २७,०००. नफा १,५३,००० ने फुगला, मशीनही १,५३,००० ने फुगलं.

मशीन आता पूर्वीपेक्षा जास्त दळतं का? नाही. गेल्या मे महिन्यात दळत होतं तेवढंच दळतं. विकायला काढलं तर कुणी दीड लाख जादा देणार नाही. ताळेबंदात मात्र ते दीड लाख उभे आहेत.

भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतो. न झालेल्या १,५३,००० नफ्यावर ४७,७३६ रुपये कर आगाऊ भरला. भागीदारांनी तो नफा खरा मानून वाटून उचलला, तर खेळतं भांडवल आटलं. पुढच्या वर्षी पुन्हा दुरुस्ती येईल, तीही मशीनला गेली तर जुन्या दुरुस्त्यांचे थर त्या खात्यात साचत जातील.

मोठ्या प्रमाणावर हेच अमेरिकेच्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत झालं. दुसऱ्यांच्या लाइन वापरल्याचं भाडं, म्हणजे निव्वळ चालू खर्च, मालमत्ता म्हणून दाखवला गेला. २००२ च्या जूनमध्ये पहिल्यांदा जाहीर झालेला आकडाच ३.८ अब्ज डॉलरच्या घरातला होता. पद्धत कुपवाडच्या दिवाणजींचीच, फक्त तिथे ती जाणूनबुजून वापरली होती.

५. किती रुपयांच्या वरचा खर्च भांडवली धरायचा?

रकमेवरून प्रकार ठरत नाही. प्रश्न ४ मधले १,८०,००० महसुली आहेत, आणि ४,००० रुपयांचा नवा वजनकाटा प्रकाराने भांडवली आहे.

व्यवहारात मात्र किरकोळ वस्तूंसाठी एक मर्यादा ठरवून घेणं शहाणपणाचं. समजा ५,००० च्या आतली अवजारं आम्ही थेट खर्चाला टाकतो, असं फर्मने ठरवलं. दीडशे रुपयांच्या पान्यावर पंधरा वर्षं घसारा काढत बसण्यात अर्थ नाही. ही मर्यादा लिहून ठेवा आणि दरवर्षी तीच पाळा. नफा जास्त दिसला की वाढवायची आणि कमी दिसला की उतरवायची, असं केलंत तर ती मर्यादाच हेराफेरीचं साधन होते. आणि ती फक्त छोट्या खरेदीसाठी आहे. मोठी दुरुस्ती भांडवली करायला तिचा आधार घेता येत नाही.

६. मोटर जळाली म्हणून नवीच बसवली. नवी वस्तू आली, मग हा भांडवली खर्च ना?

मोटर एकटी हळद दळत नाही. ती पल्वरायझरचा एक भाग आहे. २० एचपीच्या जागी २० एचपी आली आणि मशीनचं काम होतं तेवढंच राहिलं, तर आयकराच्या दृष्टीने ती चालू दुरुस्ती, म्हणजे महसुली. मुंबई उच्च न्यायालयात १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी न्यू शोरॉक मिलच्या प्रकरणात हेच सूत्र दिलं: असलेली मालमत्ता टिकवायला, सांभाळायला केलेला खर्च दुरुस्ती, नवी मालमत्ता किंवा नवा फायदा निर्माण करायला केलेला खर्च दुरुस्ती नाही.

२० काढून ४० एचपी लावली, ड्रमही मोठा केला आणि ताशी दळण दुप्पट झालं, तर तो भांडवली. बाजारात जुन्या मापाची मोटर मिळेना म्हणून २५ एचपी घेतली, पण दळण तेवढंच राहिलं, तर मी ती महसुलीच धरेन. थोडी ताकद वाढली ती नाइलाजाने, हेतू आणि परिणाम टिकवण्याचाच आहे.

आता दुसरं टोक. पूर्ण पल्वरायझरच भंगारात काढून नवा आणला आणि म्हणालात, “कारखाना तोच आहे, त्यातला एक भाग बदलला.” हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरवणा स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की गिरणीतलं प्रत्येक यंत्र स्वतंत्र आहे, आणि सबंध रिंग फ्रेम बदलणं ही चालू दुरुस्ती होत नाही.

धंदा कंपनीच्या रूपात असेल तर एक भर. हिशोब मानकांप्रमाणे मोठा, स्वतंत्र आयुष्य असलेला भाग बदलला, तर नवा भाग मालमत्तेत घेऊन जुन्याची शिल्लक किंमत काढून टाकावी लागते. त्यामुळे पुस्तकं आणि आयकर यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. ते वेगळं आलं म्हणून घाबरू नका, दोन्हीचा ताळा मात्र लिहून ठेवा.

७. गाळ्याच्या छताचे पत्रे बदलले. दुरुस्ती की बांधकाम?

गळतात म्हणून पत्रे बदलले तर महसुली, मग निम्मे बदला नाहीतर सगळे. पत्रे काढून स्लॅब टाकला, किंवा वर पोतं लावायला माळा निघावा म्हणून छत उंच केलं, तर भांडवली. गाळा भाड्याचा असला तरी भाडेकरूने केलेल्या अशा भांडवली बांधकामावर त्याला आयकरात इमारतीप्रमाणे घसारा मिळतो.

८. मशीनसाठी कर्ज काढलं. व्याज कुठे टाकायचं?

आयकरात रेषा एकच आहे: मशीन वापरात येण्याची तारीख. त्या तारखेपर्यंतचं व्याज खर्च म्हणून मिळत नाही, ते किमतीत मिळवायचं. त्यानंतरचं व्याज खर्चात, किमतीत अजिबात नाही.

ती तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची. मशीन मार्चमध्ये दारात आलं पण बसलं जूनमध्ये, तर मार्चअखेरच्या वर्षाला घसारा शून्य. आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा निम्म्या दराने. म्हणून पहिल्या दळणाचा दिवस सिद्ध करणारा कागद जपून ठेवा. वीजबिल चालेल, उत्पादन नोंदवहीतलं पानही चालेल.

९. मशीनवरचा जीएसटी किमतीत धरायचा का?

इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर नाही. ८,००,००० वर १८ टक्के म्हणजे १,४४,००० जीएसटी लागला आणि क्रेडिट घेतलं, तर मशीन ८,००,००० चंच. जीएसटीवर घसाराही घेतला तर कायद्याप्रमाणे क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट मुळातच मिळणार नसेल, तर जीएसटी किमतीचाच भाग.

१०. गवंड्याला पायाचे पैसे रोख दिले. काही अडचण?

वर्गीकरणात नाही, वजावटीत आहे. पायाचा खर्च पुस्तकात भांडवलीच राहील. पण मालमत्तेसाठी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले, तर आयकरात ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत. प्रश्न २ मधले ६०,००० एकरकमी रोख दिले असतील, तर त्यावर घसारा कधीच मिळणार नाही.

यात एक खोच आहे. ट्रकवाल्याला नेहमीच्या मालवाहतुकीसाठी दिवसाला ३५,००० पर्यंत रोख चालतात, हे बाजारात सगळ्यांना पाठ असतं. ती सवलत महसुली खर्चाला आहे. ट्रकमध्ये मशीन होतं आणि भाडं मशीनच्या किमतीत जाणार असेल, तर मर्यादा १०,००० चीच.

११. चाचणी घेताना काही पोती हळद वाया गेली. तिचं काय?

मशीन नीट चालतंय का हे पाहण्यासाठी गेलेली हळद आणि वीज किमतीत मिळवा, त्यातून निघालेली पूड विकली असेल तर ते पैसे वजा करा. मशीन तयार झाल्यानंतर कामगाराचा हात बसेपर्यंत जी नासाडी होते ती महसुली. कामगाराला शिकवायला माणूस बोलावला तर त्याची फीसुद्धा महसुलीच, ती मशीनला लावता येत नाही.

१२. गणपती पेठेतलं आमचं गोदाम २०१९ च्या पुरात बुडालं होतं. सगळं पूर्ववत करायला खूप खर्च आला. इतका मोठा खर्च एकाच वर्षात टाकायचा?

“पूर्ववत” या शब्दातच उत्तर आहे. गाळ काढणं, वायरिंग नव्याने ओढणं, भिजलेल्या मोटरी सोडवून रिवाइंड करणं, प्लॅस्टर, रंग: हे सगळं महसुली, मग आकडा कितीही मोठा असो. त्या वर्षी तोटा दिसेल. पुराच्या वर्षी तोटा दिसणं हेच खरं चित्र आहे. तो लपवायला खर्च मालमत्तेत ढकलू नका. पुस्तकात ही रक्कम नेहमीच्या दुरुस्तीत न मिसळता वेगळी दाखवा, म्हणजे बँकेला आणि भागीदारांना कळेल की हा दरवर्षीचा खर्च नाही.

त्याच वेळी पुढचा पूर लागू नये म्हणून जोत्याची उंची वाढवली किंवा इलेक्ट्रिक पॅनेलसाठी उंच ओटा बांधला, तर तेवढा भाग भांडवली. कंत्राटदार बहुधा दोन्हीचं एकच बिल देतो. काम चालू असतानाच त्याच्याकडून दोन भाग करून घ्या, नंतर अंदाजाने तोडलेलं बिल तपासणीत टिकत नाही.

विम्याचे पैसेही असेच वाटायचे. दुरुस्तीचा दावा दुरुस्ती खर्चासमोर, भिजलेल्या मालाचा दावा मालाच्या नुकसानीसमोर. मशीन पूर्णच गेलं असेल तर त्याच्या दाव्याची आणि भंगाराची रक्कम आयकरात मशीनच्या गटाच्या किमतीतून वजा होते.

१३. आमच्या पुस्तकात अशी चूक आहे का, हे कसं ओळखायचं?

दोन खाती उघडा. मशीनच्या खात्यात एक-दोन मोठ्या खरेदीनोंदी आणि मशीन सुरू होईपर्यंतच्या खर्चाच्या नोंदी असायला हव्यात. मशीन सुरू झाल्यानंतरच्या काळात तिथे १२,४००, ७,८५० अशा सुट्या नोंदी दिसल्या, किंवा बेअरिंगवाल्याचं नाव दिसलं, तर ती दुरुस्ती आहे. उलट दुरुस्ती खात्यात नव्या मशीनच्या आगमनाच्या महिन्यात उडी दिसली, तर प्रश्न २ मधली चूक तिथे बसली आहे.

मग मशीनच्या खात्यातली शिल्लक घेऊन गाळ्यात जा. त्या आकड्यातली प्रत्येक वस्तू बोटाने दाखवता आली पाहिजे. काही रकमेला बोट दाखवायला काहीच सापडलं नाही, तर त्या नोंदी दुरुस्तीच्या किंवा कधीच भंगारात गेलेल्या मशीनच्या असतात. ३१ मार्चला घातलेल्या, “दुरुस्तीतून मशीनला वर्ग” अशा हस्तांतर नोंदी आधी तपासा. त्या बहुधा नफा बघून घातलेल्या असतात.

१४. मागच्या वर्षीची चूक आता सापडली. जुनी पुस्तकं उघडायची का?

नाही. चालू वर्षात चूक सुधारणारी नोंद करा आणि परिणाम “मागील कालावधीची बाब” म्हणून वेगळा दाखवा. प्रश्न ३ मधली चूक दुसऱ्या वर्षी घसारा काढण्याआधी सापडली, तर मशीन खातं १,७०,००० ने नावे आणि मागील कालावधीचं समायोजन तेवढ्यानेच जमा. पूर्ण २,००,००० नाही, कारण पहिल्या वर्षाचा ३०,००० घसारा त्यातून गेलाच असता. हा आकडा चुकवणारे पुष्कळ आहेत. त्यानंतर यंदाचा घसारा ८,५०,००० वर काढा.

आयकरासाठी सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर ते भरा. मधल्या काळात कुणी भागीदार निवृत्त झाला असेल, तर त्याच्या वाट्याचे पैसे हा हिशोबाचा नव्हे तर करारपत्राचा प्रश्न होतो. तेव्हा भागीदारीपत्रातलं निवृत्तीचं कलम काढून वाचा.